चिरलेला बटाटा काळा पडला: फोटो बघून फेकायचा की शिजवायचा, कसं ठरवायचं?

मालवी_डबेवाली (इंदूर)

नमस्कार मंडळी. मी घरून डबे देते. सध्या बावीस आहेत, बहुतेक भंवरकुआंकडच्या क्लासची पोरं. गेल्या आठवड्यात नणंदेकडच्या लग्नाला उज्जैनला होते. कामाला येणारी ताई रात्री दहाला सहा किलो बटाटे सोलून, अर्धे करून, पातेल्यात पाणी घालून गेली. पहाटे पावणेसहाला तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला: "दीदी, ये तो काले पड गए, क्या करूं?"

फोटोत वरचे बटाटे तपकिरी-काळपट, मधले एक-दोन गुलाबीसर, कडेला थोडा फेस. मी मांडवात, डोळ्यांवर झोप. म्हटलं, फेकून दे, पोहे कर. सासूबाई तेव्हापासून बोलत नाहीयेत. त्यांचं म्हणणं, बटाटा काळा पडतोच, धुऊन घ्यायचा. मला वाटतं बावीस पोरांच्या पोटाची जोखीम नको.

प्रश्न एवढाच. समोर वस्तू नाही, फक्त फोटो आहे. नुसती हवा लागून काळं पडलंय की खरंच सडलंय, हे त्या फोटोत कशावरून कळतं? सफरचंद, अव्होकाडोबद्दलही सांगा, कारण मुलगा हॉस्टेलवरून रोज असले फोटो पाठवतो.

---

छप्पनचा_खवय्या

पहिलं पाऊल: सासूबाईंना फोटो काढायला शिकवा. दुसरं पाऊल लागणारच नाही.

---

आप्पा_ग्वाल्हेरकर

यात घाबरण्यासारखं काही नाही. सफरचंद काय, बटाटा काय, त्यात लोह असतं, त्याला हवा लागली की गंज चढतो. म्हणून तर सफरचंद तपकिरी होतं. उलट ते चांगलंच, लोह आहे याचा पुरावा. आमच्या आई काळ्या पडलेल्या बटाट्याचीच भाजी करायच्या, नव्वदी पार केली.

---

बडोद्याची_मीनल

अव्होकाडो काळा पडू नये म्हणून बी तशीच ठेवायची, वर लिंबू चोळायचं आणि डबा घट्ट लावायचा. माझा दोन दिवस हिरवागार राहतो.

---

मालवी_डबेवाली

मीनलताई, काळा पडू नये म्हणून काय करायचं ते नाही विचारलं हो. पडल्यावर ओळखायचं कसं, ते हवंय. :)

---

कोठीवाले_काका (इंदूर)

डबेवालीताई, मी आधी बटाट्याच्या कोल्ड स्टोरेजवर आणि मग चिप्सच्या कारखान्यात माल घेण्याच्या कामावर होतो. माळव्याचा बटाटा पोत्यापोत्यातून काढून उभा कापायचा आणि बघायचा, यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यावरून सांगतो.

रंग बघायच्या आधी एक गोष्ट विचारा: कापल्या क्षणी तो कसा होता? अख्ख्या बटाट्यात काळं करणारं एन्झाइम आणि त्याचं खाद्य वेगवेगळ्या कप्प्यांत असतं. सुरी फिरली की कप्पे फुटतात, दोन्ही एकत्र येतात आणि वरून हवा मिळते. मग रंग चढायला लागतो, पण त्याला काही मिनिटं लागतात. म्हणजे बटाटा दुभंगला त्याच सेकंदाला आत जे तपकिरी किंवा काळं दिसलं, ते हवेचं असूच शकत नाही. हवा तिथे आत्ताच पोचलीय. तो डाग आधीपासूनचा.

तुमच्या मुलाने सफरचंदाचा फोटो पाठवला, तर पहिला प्रश्न "हे कधी कापलं?" उत्तर "आत्ता" आणि गाभ्याभोवती तपकिरी असेल, तर आत काहीतरी आहे. उत्तर "सकाळी" असेल आणि सगळी फोड सारखी तपकिरी असेल, तर ती हवा.

दुसरी गोष्ट डागाच्या आकाराची. हवेचा रंग सुरीच्या मागे जातो. जिथून सुरी गेली तो सगळा पृष्ठभाग साधारण एकसारखा रंगतो आणि सालीकडचा भाग तसाच राहतो. सड सुरीला विचारत नाही. ती सालीपासून, डोळ्यापासून, देठापासून किंवा जुन्या जखमेपासून आत शिरते. तिचा ठिपका असतो, त्याला कड असते, आणि अर्ध्या बटाट्यावर असतो, अर्ध्यावर नसतो.

---

कोठीवाले_काका

आणि आप्पा, लोहाचं तुमचं बरोबर आहे, पण जागा चुकली. सफरचंद तपकिरी होतं ते गंजून नव्हे, एन्झाइमने. त्या एन्झाइममध्ये धातू आहे खरा, पण तो तांबं. लोहाचं काम होतं ते उकडलेल्या बटाट्यात. उकडून ठेवला की कधीकधी देठाच्या टोकाला निळसर-राखाडी होतो, ती लोहाची करामत. चवीला फरक नाही, खायला हरकत नाही.

---

आप्पा_ग्वाल्हेरकर

म्हणजे मी अर्धा बरोबर. चाळीस वर्षांत बायकोने एवढंही दिलं नव्हतं.

---

सुरेखा_तिलकनगर

काका, पण फोटोत गुलाबी बटाटे आहेत म्हणतात ना ताई? गुलाबी म्हणजे बुरशी, मी तरी तेच ऐकलंय. भाकरीवर गुलाबी आलं की फेकतो आपण.

---

कोठीवाले_काका

भाकरीवरचं फेकाच. पण सोललेल्या बटाट्यावर गुलाबी ही वाटेतली पायरी असते. आधी गुलाबी-लालसर, मग तपकिरी, मग राखाडी-काळा. कच्चा बटाटा किसून ताटलीत ठेवा आणि अधूनमधून डोकावा, हा क्रम डोळ्यांसमोर होतो.

बुरशीचं गुलाबी वेगळं. कोरड्या सडीत बटाटा आधी आत खचतो, सालीला वळ्या पडतात आणि त्या खड्ड्यात पांढरे-गुलाबी कापसासारखे पुंजके येतात. फोटोत कापूस दिसतो का बघा. रंग पाण्यासारखा पसरलेला असेल तर हवा, लव असेल तर बुरशी.

---

छप्पनचा_खवय्या

काका, मला तर आता प्रत्येक आलू कचोरीत गुन्हेगार दिसायला लागलाय.

---

अनघा_वि

माझाही अनुभव लिहिते. बाबांना (वय ८१) सकाळी सफरचंद चिरून डबा देते. परवा एक चिरलं, बाहेरून लालबुंद, हाताला घट्ट, आत गाभ्याभोवती ओला तपकिरी पट्टा. मी फोटो भावाला पाठवला. तो म्हणाला, ऑक्सिडेशन आहे, दे. मी म्हटलं, अरे मी आत्ता दोन सेकंदांपूर्वी चिरलंय! तो म्हणे, मग फ्रीजमुळे. शेवटी बाबांनी स्वतःच उचललं, वास घेतला आणि बाजूला ठेवलं. त्यांना विचारायला हवं होतं आधी.

---

कोठीवाले_काका

अनघाताई, तुमचा भाऊ दुसऱ्यांदा जे बोलला ते अगदीच चूक नाही. उन्हाळ्यात मिळतं ते सफरचंद मागच्या मोसमाचं, महिनोन्महिने कोल्ड स्टोरेजमध्ये काढलेलं. थंडीने किंवा कोंडलेल्या हवेने आतला गर तपकिरी होतो, तो रोग नाही. पण गाभ्यातली बुरशीही अशीच बाहेरून कळत नाही. फरक बघायचा तर गाभा उघडा करून बियांच्या खणात फोटो काढायचा. तिथे राखाडी, पांढरी, निळी-हिरवी लव असेल तर अख्खं सफरचंद फेका. तेवढा भाग काढून उरलेलं बाबांना देऊ नका, कारण निळ्या बुरशीचं विष डागाच्या बाहेरच्या गरातही उतरलेलं असू शकतं आणि शिजवून नीट जात नाही. खण स्वच्छ, कोरडे, बिया चकचकीत असतील तर बहुधा साठवणीचा दोष, म्हणजे बेचव असेल एवढंच.

"बहुधा" म्हटलं. बाबांनी वास घेऊन ठेवलं ते बरंच केलं.

---

प्रकाशचित्र_पेंडसे

फोटोग्राफर म्हणून दोन शब्द. सगळे बटाट्याबद्दल बोलताय, फोटोबद्दल कुणीच नाही.

पहाटे पावणेसहा, स्वयंपाकघर, म्हणजे बल्ब लावलेला असणार. पिवळा बल्ब असेल तर पांढरा बटाटासुद्धा चहाच्या रंगाचा येतो. मोबाइल आपल्या मनाने रंग दुरुस्त करतो, तो कधी जास्त करतो, कधी करतच नाही. कमी उजेडात तो चित्र गुळगुळीतही करतो, म्हणजे काका म्हणतात ती लव असली तरी पुसली जाऊ शकते. वर व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून लहान करतं, ते वेगळंच. आणि फ्लॅश मारला की ओल्या बटाट्यावर असा चकाकतो की तो चिकट झालाय असंच वाटावं.

उपाय सोपा. वस्तूच्या शेजारी पांढरा कागद ठेवा. फोटोत कागद पिवळा दिसला, तर बटाटाही तेवढाच पिवळा वजा करून बघायचा. खिडकीजवळ, फ्लॅश बंद, आणि एक फोटो वरून, एक बाजूने. खड्डा वरून दिसत नाही, बाजूच्या फोटोत सावलीमुळे कळतो.

---

मालवी_डबेवाली

पेंडसेदादा, बल्ब पिवळाच आहे. सासूबाईंना ट्यूबलाइट डोळ्यांना टोचते.

---

गराडूप्रेमी

अवांतर: चकाकीवरून आठवलं. पुण्याच्या मेहुण्याला हिवाळ्यात गराडूचा कंद चिरून फोटो पाठवला, आपल्या सराफा बाजारात तळतात तसं घरी तळणार म्हणून. त्याचा लगेच फोन: "अरे ते सडलंय, तार सुटतेय!" गराडूला तार सुटतेच ना भिया! नाही सुटली तर गराडू कसला. तेव्हा चिकट दिसलं म्हणजे सडलं, हेही सगळीकडे चालत नाही.

---

सुरेखा_तिलकनगर

गराडूचं बोलू नका, अजून सहा महिने आहेत.

---

कोठीवाले_काका

गराडूप्रेमींनी नेमका मुद्दा काढला. वस्तूचा स्वभाव माहीत हवा. गराडूची तार निरोगी. बटाट्याची तार अजिबात नाही. बटाट्याची ओली सड लागली की गर मलईसारखा लिबलिबीत होतो, बोट आत जातं, आणि वास असा की फोटोची गरजच पडत नाही.

आता डबेवालीताईंच्या फोटोकडे येऊ. ताई, तीन गोष्टी सांगा. काळे झाले ते फक्त पाण्याच्या वर राहिलेले होते का? एखाद्या बटाट्यावर वेगळा, खोलगट डाग होता का? आणि चिरले कशाने, सुरीने की विळीने?

---

मालवी_डबेवाली

फोटो मोठा करून पुन्हा बघितला, काका.

१. हो! पाणी कमी पडलं होतं. वर आलेले तेवढेच काळे. एक बटाटा अर्धा बुडालेला, तो पाण्याच्या रेषेपर्यंत पांढरा आणि वर तपकिरी, पट्टी लावून आखल्यासारखा.
२. डावीकडे एकावर काळा डाग आहे, रुपयाएवढा. तो पाण्याखाली आहे.
३. विळीने. आमच्याकडे सासूबाईंच्या माहेरची विळी आहे, लोखंडी. का?

---

कोठीवाले_काका

मग फोटो तुमच्याशी बराच बोलतोय.

पाण्याच्या रेषेपर्यंत पांढरा आणि वर तपकिरी, याचा अर्थ हवा. सड पाण्याची पातळी मोजत बसत नाही. ते वरचे सगळे बटाटे रंगापुरते निर्दोष. पातळ चकती कापून काढली असती, दोन-तीन मिलिमीटर, तर खाली पांढराशुभ्र गर निघाला असता. लांबून ठरवायचं असेल तेव्हा हेच सांगायचं: एकाची वरची चकती काढ आणि लगेच दुसरा फोटो पाठव. एका फोटोपेक्षा हे दोन फोटो जास्त खरं बोलतात. खालीही तोच रंग निघाला आणि खोल गेला, तर मात्र ती हवा नव्हे.

रुपयाएवढा, पाण्याखालचा डाग उलटा. पाण्याखाली हवा नाहीच म्हटली तरी चालेल, तरी तो काळा. म्हणजे तो आधीपासून होता, सोलताना ताईच्या नजरेतून सुटला. मार लागलेला असेल किंवा सड असेल. तेवढा एक बटाटा बाहेर.

---

आप्पा_ग्वाल्हेरकर

आणि विळी? विळीचं का विचारलंत? मला वाटतं मला कळलंय. :)

---

कोठीवाले_काका

कळलंय तुम्हाला. लोखंडी पातं बटाट्याच्या, सफरचंदाच्या, कच्च्या केळ्याच्या रसाला लागलं की निळसर-काळे ओरखडे उठतात, पातं गेलं त्याच रेषेत. स्टीलच्या सुरीने ते होत नाही. तेव्हा इथे लोह आहे, आप्पा, पण बटाट्यातलं नव्हे, विळीतलं. मघाशी मी फक्त उकडलेल्या बटाट्याचं लिहिलं, विळी विसरलो. घ्या, पाऊण बरोबर.

---

आप्पा_ग्वाल्हेरकर

स्क्रीनशॉट काढून सौ.ला पाठवला आहे.

---

मालवी_डबेवाली

म्हणजे मी सहा किलो बटाटे उगाच फेकले. आता हे सासूबाईंना सांगावं लागणार.

---

डॉक्टरीणबाई

थांबा ताई, एवढ्यात कबुली देऊ नका. तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये "कडेला थोडा फेस" लिहिलंय आणि वीस प्रतिसादांत त्यावर कुणीही बोललेलं नाही.

सगळे काळ्या रंगाच्या मागे आहेत. लग्नसराईचे दिवस, इंदूरचा उन्हाळा, रात्रभर बंद स्वयंपाकघर, सोललेले बटाटे पाण्यात जवळजवळ आठ तास, फ्रीजबाहेर. बटाटा पांढरा राहिला काय, काळा झाला काय, ते पाणी मला जास्त खटकतं. रंग हवेचं काम आहे, आंबणं जंतूंचं. पाण्याखालचे पांढरेशुभ्र बटाटे "चांगले" आणि वरचे काळे "वाईट" असं आपण समजतो, पण आंबायचं असेल तर पाणी आधी आंबेल. माझ्या दवाखान्यात पोट बिघडून येणारा कुणीही "काळं खाल्लं" म्हणत नाही. "चांगलं दिसत होतं" म्हणतात.

---

प्रकाशचित्र_पेंडसे

+१. लिंबू लावलेल्या सफरचंदाचंही तेच की. लिंबाने रंग थांबतो, डबा पाच तास उन्हात राहिला हे थोडंच पुसलं जातं.

---

बडोद्याची_मीनल

म्हणजे माझा दोन दिवसांचा हिरवागार अव्होकाडो?? बडोद्यात सव्वाशेला एक मिळतो, मी रंग बघूनच खात होते.

---

डॉक्टरीणबाई

फ्रीजमध्ये घट्ट झाकून होता ना? मग दोन दिवस ठीक. वर तपकिरी थर आला आणि खाली हिरवा-पिवळा गर असेल तर थर खरवडून खा. पण देठाच्या टोकाकडून तपकिरी आत उतरत असेल, गर पाणचट झाला असेल किंवा वास तेलकट-खवट येत असेल तर सव्वाशे विसरा. नुसते तपकिरी दोरे दिसले, बाकी गर चांगला, तर दोरे काढून टाका.

---

कोठीवाले_काका

डॉक्टरीणबाईंनी कान पकडला, बरोबर आहे. फेस मी वाचला होता, पण स्टार्चचा असेल म्हणून सोडून दिला. चिरलेल्या बटाट्यातून स्टार्च सुटतो, पाणी ढवळलं, धुतलं की पांढरा फेस येतोच, तो निरुपद्रवी.

फरक असा की स्टार्चचा फेस ढवळल्यावर येतो आणि थोड्या वेळाने बसतो. आंबल्याचा फेस कुणी हात न लावता येतो, तळातून बारीक बुडबुडे येत राहतात, पाणी गढूळ होतं, हाताला बुळबुळीत लागतं आणि आंबूस वास येतो. एका स्थिर फोटोत हे दोन फेस सारखेच दिसतात. इथे मीही हात टेकले. ताई, फोटो काढण्याआधी तिने पातेलं हलवलं होतं का? बटाटे वरखाली केले होते का?

---

मालवी_डबेवाली

आत्ता फोन करून विचारलं. ती म्हणते, "नहीं दीदी, ढक्कन खोला और फोटो खींचा." मग म्हणाली, "एक-दो उठाके देखे थे शायद." वासाचं विचारलं तर म्हणे सर्दी झाली होती.

---

छप्पनचा_खवय्या

हहपुवा. पूर्ण खटल्यातला एकमेव साक्षीदार, त्यालाही सर्दी.

---

डॉक्टरीणबाई

मग मी ते फेकलेच असते. कारण काळा रंग नाही, आठ तास आणि फेस.

---

कोठीवाले_काका

मी पाणी ओतून, बटाटे दोनदा धुऊन, हाताला बुळबुळीत लागतात का बघायला लावलं असतं. टणक, स्वच्छ असते तर चकत्या काढून भाजी केली असती, चांगली उकळून. आमचं दोघांचं इथे जमणार नाही असं दिसतंय. मात्र मी स्वतःसाठी केली असती. बावीस डबे म्हटल्यावर हात आखडला असता, हे कबूल.

---

अनघा_वि

मग रात्री सोलून ठेवायचेच नाहीत का? सकाळी वेळ कुठे असतो?

---

डॉक्टरीणबाई

ठेवा ना. बटाटे पूर्ण बुडतील एवढं थंड पाणी, झाकण आणि फ्रीज. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं.

---

मालवी_डबेवाली

सहा किलोचं पातेलं फ्रीजमध्ये मावत नाही, डॉक्टर. आजपासून रात्री नुसते धुऊन ठेवते, सोलायचे पहाटेच.

कालची गंमत सांगते. दोन बटाटे घेतले, एक स्टीलच्या सुरीने कापला, एक विळीने, आणि ताटलीत पांढऱ्या कागदावर ठेवले. लगेच एक फोटो, अर्ध्या तासाने दुसरा. सुरीचा बटाटा गुलाबीसर तपकिरी, विळीच्यावर निळ्या-काळ्या रेघा. काकांनी सांगितलं तस्सं. दोन्ही फोटो सासूबाईंना दाखवले. चष्मा लावून बराच वेळ बघितले आणि म्हणाल्या, "विळीला नावं ठेवायची नाहीत."

पण बोलल्या तरी.

---

सुरेखा_तिलकनगर

आणि त्या दोन बटाट्यांचं काय केलंत?

---

मालवी_डबेवाली

उपासाचा कीस. सासूबाईंनीच केला. विळीवाला आधी धुऊन घेतला.